गोळी कोणी सुरू करायची

वुयोकाझी सिस्टर क्षयाची औषधं सुरू करू शकत होती. एचआयव्हीची सुरू करू शकत होती, रक्तदाबाचीही. बाळंतपणं तर ती करायचीच, शिवाय दंडात पाळणा लांबवायची कांडी बसवायची, गळवं फोडायची, आणि जखमेला टाके घालता घालता पेशंटला सासूचं सगळं गाऱ्हाणं ओकायला लावायची. क्वालुंगा क्लिनिकच्या भिंतीवर तिच्या अधिकाराचं पत्र काचेत लावलेलं होतं. त्याच्या शेजारी आरोग्यमंत्र्यांचा फोटो. मंत्री चार वेळा बदलले, फोटो तोच राहिला, कारण नवा फोटो मागवायचा अधिकार क्लिनिकमध्ये कोणालाच नव्हता.

आता फेफऱ्याचं काय? समोर माणूस फिट येऊन तडफडत असेल तर सुई टोचून ती थांबवायचा तिला पूर्ण हक्क. पण पुन्हा येऊ नये म्हणून रोजची गोळी सुरू करायची, तर ते डॉक्टरचं काम. डॉक्टरने एकदा सुरू केली की पुढे आयुष्यभर दर महिन्याला तीच गोळी सिस्टरने द्यायची. म्हणजे लग्न लावणार भटजी, संसार करणार सिस्टर.

हे तिला खटकलं म्हणूनच तिने पेपरला हा विषय घेतला होता. शहरातल्या नर्सिंग कॉलेजात ती वरच्या पदविकेचा अभ्यासक्रम करत होती. थोडे दिवस कॉलेज, मग परत क्लिनिक. वर्गात चर्चेसाठी प्रत्येकीने एक निबंध मांडायचा होता. हिचा विषय, 'प्राथमिक आरोग्यसेवेत नर्सची वाढलेली भूमिका आणि तिच्या मर्यादा'. भूमिकेवर तिची सहा पानं झाली होती. मर्यादांपाशी येऊन गाडी अडली होती.

त्यातच परीक्षा घ्यायला कॉलेजच्या मिसेस ज्वारा क्लिनिकवर आल्या. जाड चष्मा, इस्त्रीचा गणवेश. खुर्ची कोपऱ्यात ओढून त्या म्हणाल्या, "मी इथे नाहीच असं समज. पुढचा पेशंट घे."

सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. बाकांवरच्या बायका अजून शेवटचं कडवं गुणगुणत होत्या, कारण गाणं थांबलं की रांगेवरून भांडण सुरू व्हायचं. पुढचा पेशंट म्हणून आत आली झिमखिता. एकोणीस-वीस वर्षांची, उंच, हसरी. शाळेच्या संघात नेटबॉल खेळलेली, आणि आता खेड्यातल्या बायकांच्या वेण्या घालून चार पैसे मिळवणारी. बोटं अशी चपळ की बघत राहावं. सोबत तिची आई. बाईला माहेरच्या कुळावरून हाक मारायची इथली रीत, म्हणून सगळे तिला मान्यावुझा म्हणायचे. खरं नाव विचारलं तर तिलाच थोडा विचार करावा लागायचा.

"काय होतंय?" वुयोकाझीने विचारलं.

"मला काहीच होत नाही सिस्टर," झिमखिता म्हणाली. "मी पडते, उठते. मधलं सगळं आईला विचारा. सिनेमा तिने बघितलाय."

"दात घट्ट आवळते," मान्यावुझा म्हणाली, "डोळे वर, हातपाय ताडताड. परवा जीभ चावली. आधी इस्टरला आली, मग गेल्या महिन्यात, आणि परवा कोंबड्यांना दाणे टाकताना. कोंबड्या अजून तिच्याजवळ येत नाहीत."

"देवऋष्याकडे गेला होता का?"

मान्यावुझाने मिसेस ज्वारांच्या चष्म्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "गेलो होतो. तो म्हणाला, पूर्वज बोलावतायत. मनगटात पांढरे मणी बांधले, बिअर गाळायला सांगितली, आणि लगेच उपाय सुरू केला."

"त्याला बरंय," दारातून नोमबेको म्हणाली. नोमबेको ही मदतनीस नर्स. अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून भरलेली. "त्याला कोणाची सही लागत नाही."

वुयोकाझीने सगळं रीतसर केलं. बोटातलं रक्त घेऊन साखर पाहिली. गरोदरपणाची तपासणी केली, एचआयव्हीची केली, दोन्ही निगेटिव्ह. दारू, डोक्याला मार, ताप, सगळं विचारलं. डोळ्यांत टॉर्च मारला, हातापायांची ताकद पाहिली. दंडात चाचपून पाहिलं, पाळण्याची कांडी होती. ती तिनेच गेल्या वर्षी बसवलेली.

"फेफरं," ती मिसेस ज्वारांना म्हणाली. "विनाकारण, एकाहून जास्त वेळा. गोळी सुरू व्हायला हवी. आणि कुठलीही चालणार नाही. या वयात व्हॅल्प्रोएट नको, पुढे मूल राहिलं तर त्याला धोका. कार्बामाझेपिन नको, दंडातली कांडी निकामी होईल. लॅमोट्रिजिन हवी, अगदी छोट्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवत. घाई केली तर अंगावर पुरळ उठतं, कातडीसुद्धा सोलवटते."

"आणि तू काय करशील?"

वुयोकाझीने कपाटाकडे पाहिलं. छोट्या मात्रेचं पाकीट तिथेच होतं. खालच्या वस्तीतल्या एका मास्तरांना डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, त्यातलं उरलेलं.

"डॉक्टरांकडे पाठवीन," ती म्हणाली.

मिसेस ज्वारांनी कागदावर खूण केली. मग पेशंट बाहेर गेल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "छान. सगळे गुण. शेवटच्या भागाचे तर जास्तच. पुष्कळजणी इथे मोहात पडतात."

"मॅडम, म्हणजे मला गोळी ओळखण्याचे गुण मिळाले, आणि न देण्याचेही मिळाले?"

"बरोबर."

"मग पोरीला काय मिळालं?"

मिसेस ज्वारांना राग आला नाही. बत्तीस वर्षं त्यांनी नर्सिंग केलं होतं. "आपल्या या भागात निम्म्या फिटींचं मूळ डुकरांत असतं, हे तुला मी सांगायला नको. त्यांच्यातल्या कृमीची अंडी माणसाच्या पोटात जातात, आणि अळ्या मेंदूत बसतात. त्याला डोक्याचा फोटो लागतो. किंवा गाठ असली तर? तू गोळी देऊन फिट झाकलीस आणि आत गाठ वाढत राहिली तर? मर्यादा काही कोणी तुझा अपमान करायला आखलेली नाही."

"फोटो काढायलाच हवा. पण गाठ असो, अळ्या असोत, फोटो निघेपर्यंत फिटीची गोळी तर लागणारच ना?"

"हे लिही पेपरात," मिसेस ज्वारा म्हणाल्या. "चांगला मुद्दा आहे." आणि गाडीत बसून गेल्या.

क्वालुंगाला डॉ. कसोंगो महिन्यातून एकदा यायचे. मूळचे काँगोचे, पाच क्लिनिकं आणि अर्धं हॉस्पिटल एकट्याच्या अंगावर. त्यांची खेप नुकतीच होऊन गेली होती. फोन करावा, तर क्लिनिकात रेंज नाही. रेंज फक्त टेकडीवर, म्हाताऱ्या ताता म्कोसाना यांच्या शेळ्यांच्या कुंपणात. त्यामुळे क्लिनिकचं वैद्यकीय संपर्क केंद्र म्हणजे ते कुंपण. तिथे दगडावर उभं राहून, उजवा कान पश्चिमेला करून बोलायचं. वुयोकाझी चढून गेली.

"डॉक्टर, एक पोरगी आहे. फेफरं. सगळं तपासलंय. लॅमोट्रिजिन सर्वांत लहान मात्रेने सुरू करू? तुम्ही हो म्हणा, मी लिहून घेते, पुढच्या खेपेला सही करा."

"सिस्टर, मी तुम्हाला ओळखतो. निदान बरोबरच असणार. पण नव्या पेशंटची वर्षानुवर्षांची गोळी मी न बघता फोनवर कशी सुरू करू? तातडीचं असेल तर फोनवर हुकूम देता येतो. हे तातडीचं नाही ना?"

शेळीने वुयोकाझीच्या ॲप्रनचा कोपरा तोंडात घेतला. या क्षणी फिट येत नव्हती, हे खरं होतं. "नाही," ती म्हणाली.

"मग हॉस्पिटलला पाठवा. पुरळ उठलं तर तुमचा परवाना जाईल, माझाही. आणि शेळी ओरडतेय का तिथे?"

टॅक्सीचे पैसे जमवण्यात मान्यावुझाचे तीन आठवडे गेले, मग ती पहाटे लेकीला घेऊन निघाली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली. हॉस्पिटलच्या बाकावर दोघी बसून राहिल्या होत्या. अखेर एका तरुण डॉक्टरने पाच मिनिटं पाहिलं. डोक्याच्या फोटोसाठी नाव लावलं, आणि परत पाठवायच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'फेफरं. क्लिनिकमध्ये उपचार चालू ठेवावेत.'

वुयोकाझीने चिठ्ठी उलटसुलट केली. औषधाचं नाव नाही. मात्रा नाही.

"गोळ्या दिल्या का तिथे?"

"नाही," झिमखिता म्हणाली. "तो म्हणाला, क्लिनिकमध्ये चालूच असतील ना? मी म्हणाले, हो."

"हो का म्हणालीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोटातलं रक्त काढलंत, टॉर्च मारलात, तो उपचारच असेल."

नोमबेकोने कपाळावर हात मारला. त्या तरुण डॉक्टरला वाटलं, क्लिनिकने सुरू केलंय. क्लिनिकला वाटलं, हॉस्पिटल सुरू करेल. आणि सरकारी शिक्क्यानिशी कागद सांगत होता की जे सुरू झालेलंच नाही ते चालू ठेवा.

दोघी माय-लेकी बाहेर बाकावर बसल्यावर नोमबेकोने दार लावून घेतलं. "सिस्टर, देवानेच पाठवलाय हा कागद. चालू ठेवा म्हणालाय ना? मग ठेव की चालू! काढ ते पाकीट. कोण विचारणार आहे, कोणी सुरू केलं म्हणून?"

वुयोकाझीने पाकीट काढलंही. छोट्या पांढऱ्या गोळ्या. रोज एक, मग दोन आठवड्यांनी वाढवायची. सगळं तिला पाठ होतं. वर्गात तिने हे फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

"आणि अंगावर पुरळ उठलं तर?" ती म्हणाली.

"तर आपण थांबवू."

"ती लांब वस्तीत राहते. पुरळ उठलं तर देवऋषी म्हणेल, पूर्वज रागावले. ती गोळी घेत राहील. मग चौकशीत माझं पत्र भिंतीवरून उतरवतील. या क्लिनिकला दुसरी सिस्टर आहे का? क्षयाच्या पेशंटांना कोण बघणार, तू?"

"हे सगळं डॉक्टरने सुरू केलं तरी होऊ शकतं ना?"

"हो. पण तेव्हा ते डॉक्टरने सुरू केलेलं असेल."

हे बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते कानाला घाण वाटलं. तिने पाकीट परत आत ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. मग बाहेर जाऊन सांगायचं ते सगळं नीट सांगितलं: एकटीने नदीवर जायचं नाही, उंचावर चढायचं नाही, फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, आणि चुलीपाशी एकटीला बसू देऊ नका. हे सांगायचा अधिकार तिला होता.

"मग स्वयंपाक कोण करणार?" मान्यावुझाने विचारलं. "मी दिवसभर शेतात असते."

"गुरुवारी डॉक्टर येतायत," वुयोकाझी म्हणाली. "त्यांनी बघितलं की त्याच दिवशी गोळी हातात. तेवढं सांभाळा."

गुरुवारी मान्यावुझा लेकीला घेऊन उजाडायच्या आत येऊन बसली. झिमखिताने रविवारचा फ्रॉक घातला होता. वाट बघता बघता तिने शेजारणीच्या पोरीची वेणी घातली, मग दुसरीची, मग रांग लागली. दुपारी हॉस्पिटलची गाडी धूळ उडवत आली. त्यातून ड्रायव्हर म्झी एकटाच उतरला, हातात पुठ्ठ्याची खोकी.

"डॉक्टर कुठायत?"

"जिल्ह्याला. कार्यशाळेला. सगळ्या डॉक्टरांना सक्तीची आहे."

"कसली कार्यशाळा?"

म्झीने खोक्यावरचं वाचून दाखवलं. "'दूरच्या खेड्यांत डॉक्टर पोहोचवण्याबाबत'. हे त्याचे फलक. तुम्हाला लावायला पाठवलेत."

बाकावर एकजण हसला, मग सगळेच हसले. झिमखिताही हसली. हसण्यासारखंच होतं ते. वुयोकाझी आत गेली आणि हात धूत राहिली. कार्यशाळा दोन दिवसांची होती, पुढची खेप पुढच्या महिन्यात.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, एका पिकअपच्या मागच्या हौद्यात झिमखिताला आणलं.

मक्याच्या कण्या शिजायला टाकून ती तिपायी हंड्यापाशी बसली होती. फिट आली, ती पुढे पडली. घरात कोणी नव्हतं. उजवा हात निखाऱ्यांत होता, आणि हाताला ते ठाऊकच नव्हतं. शेजारीण जळका वास आला म्हणून आली. तिला वाटलं, कण्या करपल्या.

पिकअपमध्येच पुन्हा फिट सुरू झाली होती. वुयोकाझीने मिडाझोलॅमची सुई मांडीत टोचली. कोणालाही न विचारता, पूर्ण अधिकाराने. फिट थांबली. पोरीला कुशीवर वळवलं, प्राणवायू लावला. नळ कोरडा होता. टाकीतलं पावसाचं पाणी नोमबेको बादलीने आणून हातावर धार धरत राहिली. सलाईन सुरू केलं. आणि मग झिमखिता शुद्धीवर आली.

तिचा आवाज ऐकून बाकावरचे लोक उठून अंगणात गेले.

नर्सने स्वतःहून द्यायच्या औषधांची सरकारी यादी असते, त्या यादीत पॅरासिटामॉल होतं. मॉर्फिन कुलपात होतं, त्याला डॉक्टरचा हुकूम हवा. तिने नोमबेकोच्या हातात फोन दिला. "टेकडीवर पळ."

नोमबेकोने आयुष्यात कधी पळून दाखवलं नव्हतं. ती पळाली. शेळ्या उधळल्या, ताता म्कोसाना काठी घेऊन बाहेर आले आणि ओरडायला लागले. तिने उजवा कान पश्चिमेला केला. कसोंगो कार्यशाळेच्या सभागृहात होते, पण त्यांनी उचलला.

"डॉक्टर, ती फेफऱ्याची पोरगी. हात जळलाय. मॉर्फिन?"

"द्या!" मागे कोणीतरी माइकवरून बोलत होतं. "वजनाप्रमाणे हळूहळू द्या, श्वासावर लक्ष ठेवा. मी रुग्णवाहिका सांगतो. द्या, द्या, मी सही करतो, लगेच द्या!"

एवढं सोपं होतं. तीच टेकडी, तोच फोन, तीच पोरगी, तोच डॉक्टर. फक्त आता ते तातडीचं झालं होतं.

रुग्णवाहिका संध्याकाळी आली. झिमखिताला घेऊन गेली तेव्हा मान्यावुझा क्लिनिकच्या पायरीवर बसली होती. ती रडत नव्हती. ती वुयोकाझीला म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं, चुलीपाशी बसू देऊ नका म्हणून. चूक माझीच."

वुयोकाझी तिच्याशेजारी पायरीवर बसली. नाही म्हणावं, तर तसं सांगितलं होतं हे खरं, आणि गप्प बसावं तर बाई तेच घेऊन घरी जाणार. "चूक तुमची नाही," ती शेवटी म्हणाली. पण मग कोणाची, हे मान्यावुझाने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

कॉलेजात वुयोकाझीने पेपर वाचला. सहा पानं भूमिकेची तिने फाडून टाकली होती. जे झालं तेच क्रमाने मांडलं, नाव बदलून. वाचून झाल्यावर वर्गात चर्चा पेटली. एकजण म्हणाली, यादीत गोळी घाला, नर्सला प्रशिक्षण द्या, छोटी मात्रा सुरू करू द्या, आणि डॉक्टरने महिन्याच्या आत बघायचंच असा नियम करा. दुसरी म्हणाली, आज ही गोळी, उद्या ती, डॉक्टर कधी येणारच नाही, आणि पगार तोच. तिसरी म्हणाली, आमच्याकडे एकीने दिली होती गोळी, पेशंट बरा आहे, तिची मात्र अजून चौकशी चालू आहे. प्रत्येकीचं खरं होतं. घंटा वाजली.

सगळ्या गेल्यावर मिसेस ज्वारा टेबलापाशी थांबल्या. "मी तुला त्या दिवशी जादा गुण दिले होते."

"हो मॅडम."

"ते परत घेता येत नाहीत. नियम नाही तसा." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "यादी सुधारायच्या समितीकडे मी हा पेपर पाठवणार आहे. ते वर्षातून एकदा बसतात."

"डॉक्टरपेक्षा कमी येतात म्हणजे," वुयोकाझी म्हणाली. मिसेस ज्वारा हसल्या नाहीत.

थंडी सरली तेव्हा झिमखिता आईबरोबर क्लिनिकला आली. रांगेत बसली, प्रार्थनेत गायली, नंबर आल्यावर आत आली. उजव्या हाताची चार बोटं हॉस्पिटलात काढावी लागली होती. अंगठा राहिला होता. डाव्या हाताने तिने कार्ड पुढे केलं.

हॉस्पिटलमध्ये भरती झाली म्हणून डोक्याचा फोटो निघाला होता. मेंदूत मेलेल्या कृमीचे जुने डाग होते. भरती झाली म्हणून डॉक्टरने नीट पाहिलं होतं, आणि गोळी सुरू झाली होती. कार्डावर नाव होतं, मात्रा होती, सही होती, शिक्का होता. लॅमोट्रिजिन. अगदी छोट्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवलेली.

"फिट?"

"एकदाही नाही, सिस्टर."

"पुरळ?"

"काही नाही."

वुयोकाझीने कपाट उघडून गोळ्या काढल्या. आता यात कसलाच प्रश्न नव्हता. डॉक्टरने सुरू केलेलं तिने चालू ठेवायचं होतं.

मान्यावुझा कपाटात डोकावून बघत होती. "ही गोळी तेव्हाही इथेच होती का, सिस्टर?"

नोमबेको दारातून एकदम म्हणाली, "आई, चला, तुमचा रक्तदाब बघते."

"होती," वुयोकाझी म्हणाली.

मान्यावुझाने मान हलवली.  मग म्हणाली, "आणि तुम्हाला माहीत होतं, हीच लागणार म्हणून?"

"हो."

मान्यावुझा उठली आणि रक्तदाब न बघताच बाहेर गेली.

झिमखिताने पाकीट डाव्या हातात घेतलं. फोडायला गेली, अंगठ्याने धरलं, सटकलं, पुन्हा धरलं. वुयोकाझी पुढे झाली तशी ती म्हणाली, "राहू द्या. मला शिकायचंय." तिने दातांनी कोपरा फाडला, एक गोळी टेबलावर पडली, ती तिने जिभेने उचलली आणि पाणी न पिता गिळली.

"पुढच्या महिन्यात ये," वुयोकाझी म्हणाली.

"येते. यायचंच आहे ना आता कायमचं." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "सिस्टर, डाव्या हाताने वेणी घालता येते का हो कोणाला?"

वुयोकाझीला माहीत नव्हतं. तसं तिने सांगितलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.